कंपनीची व्हिसलब्लोअर पॉलिसी: नाव घालून लिहू की निनावी?

काटापावती

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यात स्टोअर्सला सुपरवायझर आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, नाव कृपया विचारू नका. आमच्या प्रेस शॉपमधून पत्र्याचं भंगार निघतं, ते आठवड्यातून तीनदा ठेकेदाराच्या गाड्या नेतात. गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, मग भरून चढते, दोन वजनांतला फरक म्हणजे आम्ही विकलेला माल. एका गाडीचं रिकामं वजन पावतीवर ९,८४० किलो लागलेलं आहे. तीच गाडी खरी रिकामी तोलली तेव्हा ८,९६० भरली. म्हणजे खेपेमागे ८८० किलो पत्रा कागदावर आलाच नाही. ३४ रुपये दर धरला तर २९,९२० रुपये. एका खेपेचे. जुनी पानं चाळली तर हा फरक काही महिने चालू आहे, आणि बहुधा दोन गाड्यांत.

मला वाटतं ही गोष्ट खात्याच्या वरच्या माणसाला ठाऊक आहे. पुरावा नाही, पण मागे एकदा काटा तपासून घेऊ म्हटलं तर त्यांनी ज्या घाईने विषय बदलला ते डोळ्यांसमोरून जात नाही.

कंपनीची व्हिसलब्लोअर पॉलिसी वेबसाइटवर आहे, आठ पानं. तक्रार खातेप्रमुखाकडे करा, किंवा एचआरकडे, किंवा बाहेरच्या एजन्सीच्या पोर्टलवर करा, आणि 'अपवादात्मक परिस्थितीत' ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना थेट लिहा असं म्हटलंय. नाव गुप्त राहील, सूडबुद्धीने वागवलं जाणार नाही, असंही आहे. घरी आईवडील, मुलगी आठवीत, गृहकर्जाची अजून ११ वर्षं. नाव द्यावं की न द्यावं? आणि द्यायचं तर कुणाच्या हातात?

(संपादित: वृंदाताईंनी व्यनि करून सांगितल्यावर काही तपशील काढले. आकडेही थोडे बदललेत, हिशोबाची रीत तीच आहे.)

विदर्भवासी

यात विचार काय करायचा? नवीन मेल आयडी काढा, सायबर कॅफेतून पाठवा, विषय संपला. नावच नाही तर पकडणार कुणाला?

वृंदा_सीएस

मी कंपनी सेक्रेटरी आहे, अठरा वर्षं झाली. ऑडिट कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणारी मी असते आणि या तक्रारी ज्या रकान्यांत भरल्या जातात ते रकाने मीच आखलेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विदर्भवासी, नाव न देण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तुम्ही धोका भलत्याच ठिकाणी शोधताय. इतक्या वर्षांत तक्रारदार त्याच्या सहीवरून ओळखला गेला असं मी फार क्वचित पाहिलं. माणूस ओळखला जातो तो मजकुरावरून. काटापावती यांनी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की त्या दिवशी काट्यावर नेहमीचा माणूस नव्हता आणि त्याच्या जागी कोण बसलं होतं. ते वाक्य निनावी पत्रात गेलं असतं तर खाली नाव लिहायची गरजच उरली नसती. ते वजन त्या दिवशी तीन जणांनी पाहिलं असेल, त्यातला एक ड्रायव्हर. उरले दोन.

आता मार्गांबद्दल. पॉलिसीत चार दारं लिहिलेली असतात म्हणून चारही सारखी नसतात. खातेप्रमुख तुमच्या बाबतीत बाद, कारण संशयच त्यांच्यावर आहे. एचआरला लिहिणार असाल तर आधी एक गोष्ट शोधा: ती पेटी उघडतं कोण? पुष्कळ कंपन्यांत पॉलिसीत छान मेल आयडी असतो आणि तो एचआर प्रमुखाबरोबर त्यांच्या सहायकालाही दिसतो. तुमच्या प्लांटचा एचआर मॅनेजर रोजच्या कामात प्लांट हेडला जबाबदार असेल, तर तिथे दिलेली गोष्ट संध्याकाळच्या चहापर्यंत टिकेल याची मला खात्री नाही.

बाहेरच्या एजन्सीचं पोर्टल तुम्हाला सगळ्यांत सोयीचं. तिथे निनावी नोंद केली तरी एक संदर्भ क्रमांक आणि पिन मिळतो. त्याने पुन्हा आत शिरून चौकशी करणाऱ्यांचे प्रश्न वाचता येतात, उत्तरं देता येतात. नुसत्या निनावी मेलमध्ये हीच अडचण असते. चौकशी करणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा असतो, कुणी उत्तर देत नाही, आणि फाइलवर 'पुरेशी माहिती नाही' असा शेरा पडून प्रकरण बंद होतं. असे शेरे मी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलेत आणि त्यातले काही मनाला लागून राहिलेत.

दत्ता_निवृत्त

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो. माझं स्पष्ट मत आहे की कंपनीच्या आतल्या कुणावर भरवसा ठेवू नये. दिल्लीला केंद्रीय दक्षता आयोगाला पीआयडीपीआयखाली लिहा, म्हणजे माहिती देणाऱ्याचं नाव झाकणाऱ्या सरकारी ठरावाखाली. तिथे नाव खरोखर गुप्त राहतं. आमच्या बँकेत मी हे जवळून पाहिलंय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, पाकीट चिकटवून वर फक्त 'पीआयडीपीआय' लिहायचं, नाव-पत्ता आतल्या पत्रात. आयोग आधी तुम्हाला पत्र धाडून विचारतो की ही तक्रार तुमचीच ना. तुम्ही होकार कळवला की पुढे जाताना नाव कापलं जातं. पोहोच मागायची नाही, स्मरणपत्र पाठवायचं नाही.

हा ठराव आला २००४ च्या एप्रिलमध्ये, सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर. महामार्ग प्राधिकरणातला तो तरुण इंजिनिअर. पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, आपली ओळख गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र मात्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत गोळ्या घातल्या. त्या बातमीनंतर आम्हा बँकवाल्यांच्या घरांत काय शांतता पसरली होती ते आजही आठवतं.

वृंदा_सीएस

दत्ताकाका, प्रक्रिया तुम्ही अगदी बरोबर सांगितलीत, पण ती यांच्या कामाची नाही. तो ठराव केंद्र सरकार, केंद्राचे उपक्रम, सरकारी बँका यांच्यासाठी आहे. खासगी कारखान्यातल्या भंगाराची तक्रार आयोग घेणार नाही. आणि आयोगाकडे निनावीही चालत नाही, नाव द्यावंच लागतं. दोन्हीकडची रीत उलट आहे, म्हणून लोकांची गल्लत होते.

संसदेने २०१४ साली व्हिसलब्लोअर संरक्षणाचा कायदा केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आल्याची अधिसूचना निघालेली नाही. शिवाय तोही सरकारी कारभारापुरताच होता. खासगी कंपनीसाठी जो काही आधार आहे तो कंपनी कायद्यात, कलम १७७ मध्ये. नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींच्या वर कर्ज घेतलेल्या कंपन्या, यांना 'व्हिजिल मेकॅनिझम' ठेवावंच लागतं. तक्रारदाराला त्रास होऊ नये अशी पुरेशी तरतूद त्यात हवी आणि योग्य किंवा अपवादात्मक प्रकरणात ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट वाट हवी, असं कायदा सांगतो. नोंदलेल्या कंपनीवर सेबीचे नियमही आहेत.

काटापावती, तुमच्या पॉलिसीतला 'अपवादात्मक परिस्थिती' हा शब्द तिथूनच आलाय. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्यावरच संशय असणं ही अपवादात्मक परिस्थितीच. कुणी नाही म्हणू शकणार नाही.

गाडीमालक

वजनाबद्दल बोलतो, बाकीचं मला कळत नाही. रिकाम्या गाडीचं वजन रोज सारखं येत नसतं. ३०० लिटरची टाकी भरलेली असली आणि दुसऱ्या दिवशी तळाला गेलेली असली तर डिझेलचाच अडीचशे किलोच्या आसपास फरक पडतो. जादा स्टेपनी, ताडपत्री, साखळ्या, क्लीनर. पावसात लाकडी फळ्या पाणी पितात. लगेच चोर चोर म्हणू नका.

काटापावती

गाडीमालक, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण हे सगळं धरूनही ८८० होईल का?

गाडीमालक

एखाद्या दिवशी चारशेपर्यंत मी मान्य करीन. आठशेच्या वर, आणि दर खेपेला एकाच बाजूला, हे नाही होत. डिझेल कधी कमी असतं कधी जास्त, त्यामुळे वजन वरखाली व्हायला पाहिजे. तुमच्या रजिस्टरात आकडा नेहमी ९,८०० च्या वरच चिकटलेला असेल तर तो तोललेला नाही, लिहिलेला आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं, ते बघा. फक्त मागून बॉडी बदलली असेल तर तेही जुळणार नाही.

वृंदा_सीएस

गाडीमालकांनी फार मोलाचं सांगितलं. तक्रारीत 'चोरी' हा शब्द वापरूच नका, जे दिसलं ते लिहा. पॉलिसी तुमच्याकडून शंभर टक्के खरं ठरण्याची अपेक्षा करत नाही. सद्भावनेने, काही आधारावर सांगितलं असलं की पुरतं. कायद्याच्या नियमात ताकीद देण्याची तरतूद आहे ती पुन्हा पुन्हा पोकळ तक्रारी करणाऱ्यासाठी. एकदा चूक ठरलेल्यासाठी नाही.

तुमचा मसुदा इथे टाका, ओळख पटेल ते गाळून.

काटापावती

हा घ्या:

'अमुक तारखेला मी स्वतः गाडी रिकामी तोलली तेव्हा वजन ८,९६० भरले. पावतीवर मात्र ९,८४० आहे. सोबत पावतीचा आणि काट्याच्या स्क्रीनचा फोटो जोडत आहे. खातेप्रमुख या चोरीत सामील असून माझी वेतनवाढही त्यांनी दोन वर्षे याच कारणाने अडवली आहे. सॅपमधून भंगार विक्रीचा तीन वर्षांचा रिपोर्ट काढून पाठवू शकतो.'

अभय_बी_शिफ्ट

तो रिपोर्ट काढू नका!! बाकी सविस्तर रात्री लिहितो, ड्यूटीवर आहे.

वृंदा_सीएस

अभय यांनी योग्य जागी बोट ठेवलं. सॅपमध्ये कुणी कुठला रिपोर्ट कधी उघडला याचा माग निघू शकतो. तुमच्या रोजच्या कामात भंगार विक्रीचा रिपोर्ट नसेल आणि तक्रारीच्या आदल्या आठवड्यात तो तुमच्या आयडीवरून निघाला असेल, तर दोन गोष्टी घडतात. एक, ओळख पटते. दुसरी जास्त वाईट: कंपनीची माहिती परवानगीशिवाय बाहेर काढली म्हणून तुमच्यावरच आरोपपत्र येऊ शकतं. मग सूड उगवला असं कुणी म्हणत नाही, शिस्तभंगाची कारवाई म्हणतात. कंपनीच्या लॅपटॉपवर मसुदासुद्धा टाइप करू नका. फाइलच्या गुणधर्मांत बनवणाऱ्याचं नाव बसलेलं असतं.

फोटोही नको. तो कुठे उभं राहून काढला ते कोनावरून कळतं.

वेतनवाढीचं वाक्य काढाच. पॉलिसी वैयक्तिक तक्रारी बाहेर ठेवते, आणि हे एक वाक्य राहिलं तर समोरचा संपूर्ण पत्रालाच 'नाराज कर्मचाऱ्याचा राग' म्हणेल. शिवाय ज्याची वाढ अडली असे तुमच्या खात्यात किती जण असतील?

मी असं लिहीन:

'भंगार नेणाऱ्या दोन गाड्यांच्या रिकाम्या वजनाच्या नोंदी गेले काही महिने प्रत्यक्षापेक्षा सुमारे ९०० किलोने जास्त असल्याचे दिसते. गेट रजिस्टर, काट्याच्या संगणकातील मूळ नोंदी आणि गाड्यांच्या आरसीवरील रिकामे वजन ताडून पाहावे. गाड्या पूर्वसूचना न देता रिकाम्या अवस्थेत बाहेरच्या धर्मकाट्यावर तोलाव्यात. प्लांटमधील वरिष्ठांना या पडताळणीची आगाऊ कल्पना देऊ नये.'

गाड्यांचे नंबर खाली द्या. बस.

यात तुमच्याकडचा एकही कागद नाही. सगळा पुरावा कंपनीकडेच पडलेला आहे, तुम्ही फक्त कुठे पाहायचं ते सांगताय. अंतर्गत ऑडिटवाले नेहमीच्या तपासणीत हीच रजिस्टरं मागवू शकतात, तक्रार आली होती हे प्लांटवर कळण्याचं कारणच उरत नाही. चांगला चौकशी अधिकारी दोन-तीन प्लांटची भंगाराची तपासणी एकदम लावतो, म्हणजे एकाकडेच बोट जात नाही.

मंजिरी_प

माझाही प्रश्न असाच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या ऑफिसात टीम लीड रात्री उशिरा नको ते मेसेज करतो. मी व्हिसलब्लोअर पोर्टलवर टाकलं. आठवडा झाला, काहीच हालचाल नाही. तिथेही निनावीच राहिले.

वृंदा_सीएस

मंजिरी, तुझा विषय वेगळा आहे आणि दार चुकलंय. हे लैंगिक छळाच्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जायला हवं, लेखी आणि नावानिशी. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येते, पण त्यावर विसंबू नकोस. पोर्टलवाल्यांनी तुला हे कळवायला हवं होतं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. व्यनि कर, आज रात्रीच बोलू.

शेअरबाजारी

कुणीच कसं बोललं नाही? सेबी माहिती देणाऱ्याला एक कोटी बक्षीस देते. सरळ सेबीला कळवा, पैसेही मिळतील आणि नावही गुप्त.

वृंदा_सीएस

ते बक्षीस इनसायडर ट्रेडिंगची माहिती देणाऱ्याला आहे. २०१९ मध्ये ती योजना आली तेव्हा कमाल एक कोटी होती, २०२१ मध्ये दहा कोटी झाली. भंगाराच्या काट्याशी तिचा संबंध नाही.

अभय_बी_शिफ्ट

रात्रपाळी संपली, आता लिहितो.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. तपासणी न करताच तपासणीचे अहवाल भरले जात होते. मी नाव घालून कळवलं. एथिक्सच्या मॅडम चांगल्या होत्या, चौकशी झाली, दोघांना काढलं. मला बोलावून आभार मानले. मला वाटलं झालं, जिंकलो.

पुढचे पाच महिने काहीच झालं नाही. तोच काळ फसवा असतो. मग एप्रिलमध्ये माझं रेटिंग चारवरून दोनवर आलं. कारण लिहिलं, 'संघभावना कमी'. जूनमध्ये कायमची बी शिफ्ट दिली, म्हणून इथलं माझं हे नाव. ऑक्टोबरमध्ये खात्याची फेररचना झाली आणि नव्या तक्त्यात माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता. मला कुणी शिवी दिली नाही की धमकी दिली नाही. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता.

मी सूडाची तक्रार केली, तीही पॉलिसीत बसते. ऑडिट कमिटीने ऐकून घेतलं. साहेबांनी रेटिंगचा बेल कर्व्ह दाखवला. कमिटीने मला विचारलं, आधीची रेटिंगची पत्रं आहेत का? ती सगळी पोर्टलवर होती आणि नवीन सिस्टिम आल्यावर मागची वर्षं दिसेनाशी झाली होती. माझ्या हातात एक कागद नव्हता. 'संबंध सिद्ध होत नाही' असा निष्कर्ष आला. वर्षभराने मी सोडलं. बायको म्हणते बरं झालं सोडलंस. मला अजून तसं वाटत नाही.

काटापावती

अभयदादा, वाचून सुन्न झालो. वृंदाताई, मग पॉलिसीतल्या 'सूडबुद्धीने वागवले जाणार नाही' या ओळीला अर्थ काय?

वृंदा_सीएस

खरं सांगते. कायदा 'पुरेशी तरतूद करा' म्हणतो, पण पुरेशी म्हणजे काय ते सांगत नाही. कंपनीने पाळलं नाही तर दंड आहे, तो सरकारजमा होतो, तुमच्या हातात पडत नाही. गेलेली बढती परत मिळवून देणारी खास यंत्रणा आपल्याकडे खासगी क्षेत्रात नाही. म्हणून जे करायचं ते तक्रारीच्या आधी करावं लागतं.

अभय यांच्याकडे जे नव्हतं ते तुम्ही या आठवड्यात जमा करा. गेल्या तीन वर्षांची रेटिंगची पत्रं, वेतनवाढीची पत्रं, कौतुकाचा एखादा मेल, कामाच्या स्वरूपाचा कागद, शिफ्टचा तक्ता. हे सगळे तुमचे स्वतःचे कागद आहेत, यांच्या प्रती ठेवण्यात गैर काही नाही. कंपनीचा बाकी कुठलाही कागद यात घालू नका. यामुळे तक्रारीच्या आधीचे तुम्ही कागदावर गोठवले जाता. नंतर काही बदललं तर बदलाची तारीख बोलते.

आणि बदल दिसला की वर्षभर साठवून ठेवू नका. त्याच संदर्भ क्रमांकाखाली, सूडाची वेगळी तक्रार म्हणून, लगेच नोंदवा. निनावी तक्रारदाराची इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. तुम्ही कोण हेच कंपनीला माहीत नसेल तर तक्रारीमुळे छळ झाला असं म्हणताना आधी नाव सांगावं लागेल. निनावी राहण्याची किंमत ती आहे.

मधला मार्ग काही पोर्टलवर असतो: एजन्सीला नाव सांगायचं, कंपनीला कळवू नका म्हणायचं. तुमच्याकडे असेल तर मी तोच घेईन.

दत्ता_निवृत्त

वृंदाताई, पण गुप्तता म्हणजे नक्की किती जणांना कळतं? आयोगातही नाव कापलं तरी मजकुरावरून ओळखलेले दोघं मला ठाऊक आहेत.

वृंदा_सीएस

काका, माझ्या अनुभवात चार ते सहा जणांना. तक्रार घेणारा, चौकशी करणारे एक-दोघे, ऑडिट कमिटीचे अध्यक्ष, कधी कायदा सल्लागार. शिवाय वैधानिक ऑडिटर दरवर्षी तक्रारींची नोंदवही मागतात, कारण वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी विचारात घेतल्या का हे त्यांना कारो २०२० या ऑडिट अहवालाबद्दलच्या सरकारी आदेशाखाली आपल्या अहवालात लिहावं लागतं. आम्ही ऑडिटरला दाखवतो तेव्हा नाव झाकतो. सगळेच झाकतात असं म्हणणार नाही.

ऑडिटरचं हे कलम तक्रारदाराच्या फायद्याचं आहे. वहीत क्रमांक पडलेली तक्रार गायब करणं अवघड जातं. तोंडी सांगितलेली तक्रार वहीत येतच नाही, म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

बाळासाहेब_सांगली

आमच्या पतसंस्थेत संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्जं गेलीत. मी तिथे क्लार्क. आम्हाला ही कलम १७७ लागू होते का?

वृंदा_सीएस

नाही, तुमची संस्था कंपनी नाही. सहकार कायद्यात लेखापरीक्षण आहे, निबंधकांकडून चौकशी आहे, पण तुमचं नाव झाकणारी अशी यंत्रणा माझ्या माहितीत नाही. लेखापरीक्षकाला कर्जखात्यांचे नंबर कळले तर तो आपण होऊन ती खाती तपासू शकतो. ते कसं पोहोचवायचं यावर सहकारातल्या कुणी जाणकाराने लिहावं. मी अर्धवट सांगणार नाही.

विदर्भवासी

मी पहिल्या प्रतिसादात फार सहज बोलून गेलो. मला वाटलं नाव लपवलं की काम झालं. काटापावती, सायबर कॅफेचं विसरा.

काटापावती

सव्वा महिन्यानंतर येतोय, क्षमस्व.

ताईंनी लिहून दिलं जवळजवळ तसंच पोर्टलवर टाकलं, घरच्या फोनवरून, कंपनीच्या वायफायबाहेर. आमच्या पोर्टलवर मधल्या मार्गाची सोय होती. एजन्सीला नाव दिलं, कंपनीला नाही. विषय खातेप्रमुखाशी संबंधित असू शकतो आणि तक्रार ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जावी, असं वर लिहिलं. संदर्भ क्रमांक मिळाला. रेटिंगच्या पत्रांचे प्रिंट काढून सासऱ्यांच्या घरी ठेवलेत.

तिसऱ्या आठवड्यात अंतर्गत ऑडिटची माणसं आली. आमच्याकडे आणि आणखी दोन प्लांटला, एकाच दिवशी. भंगार, पॅलेट, रिकामे ड्रम, सगळ्याची रजिस्टरं नेली. दोनपैकी एक गाडी तेव्हापासून आलेली नाही.

परवा पोर्टलवर प्रश्न आलाय: 'ही तफावत आपल्या प्रथम कधी लक्षात आली? दिनांक कृपया नमूद करावा.' तारीख दिली तर दोन मिनिटांत मी कोण ते कळेल. नाही दिली तर 'माहिती अपुरी' म्हणून बंद करतील का? आणि काल खातेप्रमुखांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'काट्याकडे तू कधी बसतोस का रे?' मी म्हटलं, साहेब, मॅनपॉवर नसली की सगळ्यांनाच बसावं लागतं.

वृंदा_सीएस

उत्तर छान दिलंत. खोटं बोललाही नाहीत आणि काही सांगितलंही नाहीत. तो प्रश्न, तारीख आणि आसपास कोण होतं एवढं आज रात्रीच घरी लिहून ठेवा.

पोर्टलवर तारीख देऊ नका. असं लिहा: 'दिनांक दिल्यास ओळख उघड होते. मूळ नोंदी काट्याच्या संगणकात असून त्यांवरून फरकाची सुरुवात कधीपासून आहे हे काढता येईल.' प्रश्नाचं उत्तर न देणं आणि कारण सांगून न देणं, फाइलवर या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. हे वाचल्यावर प्रकरण बंद करायला चौकशी अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागेल.

खातेप्रमुखांना काट्याबद्दल विचारावंसं वाटलं, हेही त्याच उत्तरात कळवावं का, यावर माझं मत अजून ठरत नाही. कळवलं तर विचारलं कुणाला, हा पुढचा प्रश्न येतो.

अभय_बी_शिफ्ट

मी आत्ता तरी कळवणार नाही. पण वहीत लिहून ठेवा. मला त्या पाच महिन्यांतल्या अशा चार-पाच गोष्टी आठवतात, तारखा मात्र एकाचीही आठवत नाही.

काटापावती

वही आणली. मुलीची जुनी शंभर पानी, मागची पानं कोरी होती. कालची नोंद केली, वेळ ४:२०, पॅकिंगच्या दाराजवळ, तिसरं कुणी नव्हतं. पोर्टलचं उत्तर आज रात्री टाकतो.